विश्लेषण : सवलतीच्या कर्जावरही प्राप्तिकर का? स्टेट बँकेचा दर कशासाठी?

बँक कर्मचाऱ्यांना त्यांची बँक कमी व्याजाने किंवा बिनव्याजी कर्ज देते. वाचलेले हे व्याज करपात्र पगारात धरण्यावर सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०२४ रोजी शिक्कामोर्तब केले. बँक अधिकारी-कर्मचाऱ्यांच्या संघटना हा वाद हरल्या.

आक्षेप काय होता?

मुख्य आक्षेप तुलनेच्या दरावर होता. प्राप्तिकर नियमावली, १९६२ मधील नियम ३(७)(i) नुसार कर्मचाऱ्याच्या व्याजाची तुलना त्याच प्रकारच्या कर्जावरील स्टेट बँकेच्या दराशी होत असे. आमची बँक ग्राहकांकडून वेगळा दर घेते, मग मापदंड दुसऱ्या बँकेचा का, असा संघटनांचा सवाल होता. सर्वांना एकच मापदंड लावल्याने दरावरून वाद उद्भवत नाहीत, हे न्यायालयाने मान्य केले. प्रश्न रास्त असला, तरी प्रत्येक बँकेचा दर वेगळा तपासत बसणे कर खात्याला जमण्यासारखे नव्हते.

हिशेब कसा होतो?

दर महिन्याच्या अखेरच्या दिवशी शिल्लक असलेले मुद्दल धरले जाते. समजा, वाहन कर्जाचे सहा लाख बाकी आहेत, व्याज ५ टक्के आहे आणि मुद्दल दरमहा दहा हजारांनी कमी होते. स्टेट बँकेचा दर ९ टक्के मानू. एप्रिलअखेर ५ लाख ९० हजार, तर मार्चअखेर ४ लाख ८० हजार उरतात. बाराही महिन्यांच्या शिलकीची बेरीज ६४ लाख २० हजार होते. तिच्यावर ४ टक्के फरकाने एका महिन्याचे व्याज काढले की येतात २१,४०० रुपये. ही रक्कम पगारात मिळवली जाते. तीस टक्क्यांच्या टप्प्यात उपकरासह कर सुमारे ६,६७७ रुपये.

वर्षारंभीच्या सहा लाखांवर सरसकट हिशेब केला, तर लाभ २४,००० दिसतो. ही चूक पकडण्यासाठी पगारात धरलेला आकडा कर्जाच्या मासिक उताऱ्याशी ताडून पाहावा. मुदतपूर्व परतफेडही १ तारखेऐवजी आदल्या दिवशी केली, तर तो महिना हिशेबातून सुटतो. लाखामागे ३३३ रुपयांचा लाभ कमी धरला जातो.

दर बदलला तर?

स्टेट बँकेचा त्या आर्थिक वर्षाच्या १ एप्रिलचा दर वर्षभर लागू राहतो, कर्ज घेतानाचा नव्हे. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ दरम्यान रेपो दर ४ वरून ६.५ टक्क्यांवर गेला आणि बँकांची कर्जे महागली. कर्मचाऱ्याचा हप्ता तोच राहिला, तरी पुढच्या वर्षी कर वाढला.

सूट कोणाला?

१९६२ च्या नियमावलीतील या नियमात एकूण कर्ज वीस हजारांपर्यंत असल्यास लाभ धरला जात नसे. ठरावीक गंभीर आजारांवरील उपचारांसाठीचे कर्जही वगळले आहे. मात्र, विम्यातून परत मिळालेल्या रकमेला ही सूट नाही.