मेथीचा कडूपणा आणि चमच्याचा हिशेब

पालघरच्या बाजारपेठेत काय किंवा बोईसर स्थानकालगतच्या किराणा दुकानांत काय, मेथीदाणा बारा महिने उपलब्ध असतो. हिरवी भाजी वर्ज्य असलेल्या तिथीला अनेक जैन घरांत दाणामेथी-पापडाची भाजी शिजते. अलीकडे मात्र मेथी फोडणीतून व भाजीतून निघून औषधाच्या चमच्यात आली आहे. मधुमेह असलेली घरातील वडीलधारी मंडळी सकाळी उठताच ती घेतात. तेव्हा ती रोज घेणे निर्धोक आहे काय आणि ती इतकी कडू का, हे दोन प्रश्न उद्भवतात.

कडूपणाचे मुख्य कारण म्हणजे मेथीतील सॅपोनिन नावाची द्रव्ये. पाण्यात ती साबणासारखा फेस आणतात. मेथी भिजवलेले पाणी बाटलीत घालून हलवले तर हा फेस डोळ्यांनी दिसतो. दाणे सात-आठ तास भिजवून ते पाणी टाकले आणि ताज्या पाण्यात उकडले, तर कडूपणा बराच उतरतो. मंद आचेवर भाजल्यानेही तो सौम्य होतो. परंतु दाणा गडद तपकिरी झाला की करपल्याचा नवा कडूपणा येतो.

कडू आहे म्हणूनच ती साखर उतरवते, ही समजूत मात्र योग्य नव्हे. मेथीतील विरघळणारा तंतू पाण्यात फुगून बुळबुळीत होतो, अन्नात मिसळतो आणि जेवणातील साखर रक्तात उतरण्याचा वेग कमी करतो. हा तंतू कडू नाही. म्हणून कडूपणा काढलेली मेथीही उपयोगी पडते. उलट, केवळ पाणी पिऊन दाणे फेकणारा मनुष्य कडूपणा पदरात घेतो आणि बहुतांश तंतू टाकून देतो.

आता मात्रेचा हिशेब. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेतील आर. डी. शर्मा व टी. सी. रघुराम यांनी १९९० मध्ये मधुमेही रुग्णांवरील मेथीचे प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांपैकी एका प्रयोगात इन्सुलिन घेणाऱ्या रुग्णांना तेल काढलेली १०० ग्रॅम मेथीपूड दुपारच्या व रात्रीच्या जेवणात विभागून दहा दिवस दिली गेली. त्यांची उपाशीपोटीची साखर उतरली. पुढील अभ्यासांत मात्रा २५ ग्रॅमवर आली. चहाच्या एका सपाट चमच्यात सुमारे चार ग्रॅम दाणे मावतात. म्हणजे २५ ग्रॅम हे सहा चमचे झाले. फोडणीतील अर्धा चमचा तर साऱ्या कुटुंबात वाटला जातो. स्वयंपाकातील मेथी बहुतेकांना रोज निर्धोक असते. सहा चमच्यांची मेथी मात्र औषधाच्या मात्रेची असून तिला औषधाचेच नियम लागू होतात.

समजा, बोईसरचा एक साठीचा व्यापारी ग्लिमेपिराइडची गोळी घेतो. त्याने कोणालाही न विचारता तीन मोठे चमचे मेथीपूड सुरू केली. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत वसुलीसाठी फिरताना दुपारचे जेवण लांबले. गोळी आणि मेथी दोन्ही साखर उतरवतात. वर पोट रिकामे. घाम, हातांना कंप, छातीत धडधड आणि डोके हलके होणे ही साखर फार उतरल्याची लक्षणे होत. यंत्रावर आकडा ७० च्या खाली आला, तर तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात काही घालू नये. त्याला तत्काळ रुग्णालयात न्यावे. उपवास किंवा एकासण्याच्या दिवशी हा धोका वाढतो. म्हणून गोळीचे व मेथीचे प्रमाण त्याआधीच डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

रक्त पातळ करण्याचे औषध घेणाऱ्यांनी आणि गर्भवती स्त्रियांनी औषधी मात्रेची मेथी टाळावी. हरभरा किंवा शेंगदाण्याची ॲलर्जी असणाऱ्यांस मेथीचीही होऊ शकते. मेथीचा बुळबुळीत तंतू औषधांचे शोषण मंदावू शकतो, म्हणून गोळ्यांत व मेथीत एक-दोन तासांचे अंतर असावे. कोरडी पूड तोंडात टाकून घोटभर पाणी प्यायल्यास ती घशात फुगून अडकू शकते. ती पुरेशा पाण्यात किंवा कणकेत मिसळावी. पोट फुगणे वा जुलाब ही मात्रा जास्त झाल्याची खूण आहे. घामाला व लघवीला येणारा गोडसर वास मात्र निरुपद्रवी असतो.

रात्री भिजवण न ठेवणाऱ्या घरांत दाणे सकाळी भिजवून सूर्यास्तापूर्वी शिजवता येतात. सात-आठ तास तेवढ्यात सहज भरतात. द्विदलाचा नियम पाळणाऱ्यांनी ते कच्च्या दह्यात न भिजवता पाण्यातच भिजवावेत. कडूपणा त्यानेही तितकाच उतरतो.