नाव नसलेले जिवाणू आणि आपला आंधळा विश्वास

मॅरेथॉनचा मोसम जवळ आला की धावणाऱ्यांच्या गटांत कॅप्सूलची एक डबी फिरू लागते. कोच सांगतो, जिममधला ट्रेनर सांगतो, औषधवालाही दुजोरा देतो. पोट साफ राहील, सर्दी होणार नाही, थकवा लवकर भरून निघेल. डबीवर ठळक अक्षरांत असते, ‘१४ प्रकारचे उपयुक्त जिवाणू, ५० अब्ज सीएफयू’. त्या चौदांपैकी एकाचेही पूर्ण नाव डबीवर नसते. डॉक्टर, इंजिनिअर, प्राध्यापक असलेली माणसे ती विकत घेतात आणि एकही जण विचारत नाही की हे जिवाणू नेमके कोणते. पन्नास हजारांचा फोन घेताना मॉडेलचा आकडा तपासणारा हा वर्ग पोटात काय चालले आहे याची चौकशी करत नाही. विकणारा नाव लपवतो आणि आपण ते लपवू देतो. या फसवणुकीत दोघेही भागीदार आहेत, असा माझा स्पष्ट आरोप आहे.

नावाचा एवढा आग्रह का, ते एका उदाहरणावरून कळेल. पहिल्या महायुद्धात साथीच्या हगवणीतही न आजारलेल्या एका सैनिकाच्या आतड्यातून आल्फ्रेड निस्ले या जर्मन वैद्याने १९१७ साली ई. कोलाय हा जिवाणू वेगळा केला. ‘निस्ले १९१७’ या नावाने तो आजही प्रोबायोटिक म्हणून दिला जातो. त्याच ई. कोलाय प्रजातीतला ‘ओ१५७:एच७’ हा स्ट्रेन मात्र रक्ती जुलाब घडवतो आणि मुलांची मूत्रपिंडे निकामी करू शकतो. प्रजाती एक, स्ट्रेन दोन, आणि परिणाम पूर्ण उलटे. म्हणून वंश आणि प्रजाती सांगून थांबणारे लेबल अर्धेच खरे बोलते. शेवटची अक्षरे किंवा आकडे, म्हणजे स्ट्रेनची ओळख, तिथे नसेल तर कोणता प्रयोग त्या कॅप्सूलला लागू पडतो हे ठरवताच येत नाही.

विकणाऱ्यांना नेमके हेच सोयीचे असते. धावपटूंवरचा एक गाजलेला प्रयोग पाहा. फिनलंडमध्ये हेलसिंकी मॅरेथॉनच्या तयारीतल्या १४१ धावपटूंना दोन गटांत वाटून तीन महिने एका गटाला लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस जीजी हा स्ट्रेन दिला, दुसऱ्याला त्यासारखेच दिसणारे पण जिवाणू नसलेले पेय. निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. सर्दी-खोकल्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. पोट बिघडण्याच्या वेळाही कमी झाल्या नाहीत. शर्यतीनंतरच्या दोन आठवड्यांत मात्र बिघडलेले पोट जीजी घेणाऱ्यांत सरासरी एका दिवसात सावरले, इतरांना २.३ दिवस लागले. एवढाच लाभ, आणि तोही त्या एका स्ट्रेनचा, तीन महिने नियमाने घेतल्यावरचा. आता एखादी कंपनी नुसते ‘लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस’ छापते आणि जाहिरातीत ‘मॅरेथॉन धावपटूंवर सिद्ध’ असे म्हणते. जीजीने मिळवलेला पुरावा तिने उचलून आपल्या मालाला चिकटवला. दुसऱ्याची गुणपत्रिका दाखवून नोकरी मिळवणाऱ्याला आपण तुरुंगात धाडतो, इथे मात्र पैसे मोजतो.

पुरावा खरा असला तरी तो कायमचा नसतो, हेही सांगितले पाहिजे. लॅक्टोबॅसिलस केसाय शिरोटा या स्ट्रेनवर इंग्लंडमध्ये ८४ सहनशक्तीच्या खेळाडूंवर हिवाळाभर प्रयोग झाला. २०११ साली छापलेल्या त्या निष्कर्षांत सर्दी लक्षणीय कमी दिसली. पुढे त्याच संशोधकांनी दोनशेहून अधिक खेळाडूंवर तोच स्ट्रेन तपासला आणि २०१६ साली कळवले की या वेळी सर्दीत फरक आढळला नाही. पहिला निष्कर्ष जाहिरातींत झळकतो, दुसरा कुणी सांगत नाही. प्रामाणिकपणे स्वतःलाच खोडून काढणारे संशोधक आणि सोयीचे तेवढेच उचलणारा बाजार, यांतून समाज म्हणून आपण दुसऱ्याला डोक्यावर घेतो.

आपल्याकडे नियमांची वाण नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभागाने २०११ सालीच मार्गदर्शक तत्त्वे दिली. लेबलवर वंश, प्रजाती आणि स्ट्रेन हवा, आणि जिवंत जिवाणूंची संख्या मुदत संपण्याच्या दिवसाची हवी. ही दुसरी अट मोलाची आहे. कारखान्यातून निघताना ५० अब्ज असलेले जिवाणू एप्रिलमध्ये पत्र्याच्या छपराखालच्या दुकानात दोन महिने पडून राहिले तर किती उरतील? ‘उत्पादनाच्या वेळी’ एवढेच लिहिलेला आकडा ग्राहकाला काहीच सांगत नाही.

मग घरचे दही-ताक? तिथेही मला खोटा अभिमान नको आहे. घराघरातले विरजण वेगळे, त्यातले जिवाणू वेगळे, त्यामुळे आजीच्या दह्याने सर्दी टळते असा दावा कुणी करू नये. इडली आणि ढोकळा आंबवलेले खरे, पण वाफेत जिवाणू मरतात. कढी उकळली की तेच होते. पोषण राहते, जिवंतपणा जातो. नाचणीचे आंबील शिजवून निवल्यावर त्यात ताजे ताक घातले तर ते जिवंत राहते, ताक घालून उकळले तर नाही. महिनोन्महिने बाहेर टिकणाऱ्या खोक्यातल्या ताकाला बहुधा उष्णता दिलेली असते.

तरीही व्यायाम करणाऱ्या निरोगी माणसासाठी ताज्या दह्याचे पारडे जड आहे, कारण त्याच्याबाबतचे जे थोडे दावे आहेत ते पक्के आहेत. दूध पचत नाही त्याला दह्यातले जिवंत जिवाणू दुग्धशर्करा पचवायला मदत करतात, हे युरोपच्या अन्नसुरक्षा यंत्रणेने २०१० साली मान्य केले. प्रोबायोटिक म्हणून मांडलेले इतर बहुतेक दावे तिने नाकारले. अमेरिकेत स्टॅनफर्डमध्ये ३६ निरोगी प्रौढांवर झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दहा आठवडे भरपूर आंबवलेले पदार्थ खाणाऱ्यांच्या आतड्यातले वैविध्य वाढले आणि रक्तातल्या दाहाच्या खुणा घटल्या. ते लोक धावपटू नव्हते, तेव्हा त्यावरून वेग वाढल्याचे कुणी सांगू नये. शिवाय दह्याच्या वाटीत प्रथिने आणि कॅल्शियम येतेच, कॅप्सूलमध्ये ते नसते.

कॅप्सूलची वेळही येते. अँटिबायोटिक सुरू असताना जुलाब लागू नयेत म्हणून जीजी किंवा सॅकरोमायसिस बुलार्डी सीएनसीएम आय-७४५ यांना पुरावा आहे. बुलार्डी हे यीस्ट असल्याने अँटिबायोटिकने मरत नाही, जीजी मात्र त्या गोळीपासून दोन तास अंतराने घ्यावा. आणि शर्यतीत ज्याचे पोट वारंवार बिघडते त्याने आधी कारण शोधावे. लांब धावताना रक्त आतड्यांकडून स्नायूंकडे वळते, त्यात ऊन, पाण्याशिवाय गिळलेले गोड जेल, शर्यतीआधी घेतलेली वेदनाशामक गोळी. यांतले काहीही कॅप्सूलने दुरुस्त होत नाही. हे सगळे सुधारूनही त्रास राहिला, तरच नाव असलेला एक स्ट्रेन, प्रयोगातल्याच मात्रेत, सरावाच्या काळात कित्येक आठवडे घेऊन लक्षणांची नोंद ठेवावी. शर्यतीच्या आदल्या रात्री पहिली गोळी घेणे ही शुद्ध जोखीम आहे.

सर्वांत मोठा अन्याय मला क्रीडा प्रबोधिन्यांतल्या मुलांवर होताना दिसतो. बारा-तेरा वर्षांची मुलगी सकाळी चहा-बिस्किटावर ट्रॅकवर उतरते, आणि तिच्या शेतमजूर वडिलांना हजार-बाराशेची डबी आणायला सांगितले जाते. सांगणाऱ्या कोचला त्या विक्रीत वाटा असतो, हे गटातल्या मोठ्यांना ठाऊक असते आणि ते गप्प बसतात. त्या वडिलांनी कोचसमोर डबी ठेवून स्ट्रेनचे नाव, मुदतीअखेरची संख्या आणि खेळाडूंवरचा प्रयोग दाखवायला सांगावे. तो दाखवू शकला नाही तर त्या पैशांतून महिनाभर मुलीला दुपारी दही-भात आणि सकाळी दोन अंडी मिळतील, आणि पालकसभेत हा हिशेब मांडायची जबाबदारी वाचता येणाऱ्या प्रत्येक पालकाची आहे.