वस्ती खोटं बोलत नाही, आपला फॉर्म बोलायला लावतो

सर्वेक्षण करून आलेले कार्यकर्ते हमखास एक तक्रार करतात : "लोक खरं सांगत नाहीत." आम्हाला हे मान्य नाही. ज्याच्या उत्पन्नाच्या आकड्यावर पोरीची शिष्यवृत्ती अडकलेली आहे, त्याला दारात उभं करून "उत्पन्न किती?" विचारणाऱ्याने आधी स्वतःचा फॉर्म तपासावा.

अनुसूचित जातींसाठीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची उत्पन्नमर्यादा वर्षाला अडीच लाख, म्हणजे महिन्याला साधारण 20,800 रुपये. आपण फॉर्मवर गट छापतो '15,000 ते 20,000' आणि '20,000 ते 25,000'. बरोबर 20,000 कमावणाऱ्याने खूण कुठे करायची? त्याहून मोठी चूक म्हणजे गटाची सीमा शिष्यवृत्तीच्या मर्यादेला खेटून आली. 22,000 कमावणारा मुकाट खालच्या गटात जातो. 20,000 च्या खाली गर्दी आणि वर शुकशुकाट दिसला, तर आपण उत्पन्न नव्हे, भीती मोजली असं समजावं. तोच गट '18,000 ते 23,999' केला, की मर्यादा गटाच्या पोटात जाते आणि खाली सरकण्याचं कारण उरत नाही. यातून शिष्यवृत्तीला पात्र किती हे कळणार नाही. ते काम वेगळं, दाखले पाहून करायचं.

आजाराचंही तेच. "घरात कुणाला टीबी आहे का?" या प्रश्नाला शेजारीण ऐकत असताना 'नाही' हेच उत्तर येतं. त्याऐवजी "गेल्या वर्षभरात घरात कुणाला दोन आठवड्यांहून जास्त खोकला होता का?" असं विचारा. टीबीची तपासणी करायची की नाही, हे ठरवताना सरकारी कार्यक्रमही ही खूण पाहतो. पण मग अहवालात 'टीबीचे रुग्ण' लिहू नका, 'लांबलेला खोकला' एवढंच लिहा. आडून विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तेवढंच असतं.

आणि सगळ्यात मोठं खोटं आपण स्वतः बोलतो : "तुम्ही कोण ते कुणालाच कळणार नाही." नाव लिहीत नाही, पण घर क्रमांक लिहितो, वय लिहितो, काम लिहितो. साठ घरांच्या वस्तीत 'बावन्न वर्षांची विधवा, सफाई कामगार, मधुमेह' असं छापलं की नाव छापायचं काय राहिलं? पाळता येईल तेवढंच वचन द्या : "आम्ही तुम्हाला ओळखतो, पण फॉर्मवर नाव, घर क्रमांक नाही, कागद आम्ही दोघंच पाहू." वय दहा-दहा वर्षांच्या गटात घ्या. ज्या रकान्यात पाचपेक्षा कमी माणसं येतात, तो शेजारच्या रकान्यात मिळवा.

वस्तीने आपल्याला दार उघडलं, ते आपण आपले म्हणून. एकदा हे वचन मोडलं, तर पुढच्या वेळी दार उघडेल, तोंड उघडणार नाही.

जय भीम!