घड्याळ मागे जाते तेव्हा

"नोव्हेंबर लागला की हे फोनच उचलत नाहीत," काचीगुड्यातली मैत्रीण कुरकुरत होती. नवरा कॅलिफोर्नियात. खरा दोष घड्याळाचा! उन्हाळ्यात आपल्या सकाळी साडेसातला तिथे आदल्या संध्याकाळचे सात वाजलेले असतात. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळे तासभर मागे जातात. मग आपल्या साडेसातला तिथे सहाच, आणि तो गाडी चालवत असतो. तो घरी पोचेपर्यंत इथे साडेआठ, मुले शाळेत. मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत हेच. म्हणून ऑक्टोबरातच ठरवावे, या चार महिन्यांत वेळ कोणी बदलायची. दरवर्षी तिनेच बदलली तर मनात साठत जाते. यंदा तो ऑफिसातून निघण्याआधीच दहा मिनिटे मुलांशी बोलतो. फी, बँक, सासूबाईंची औषधे मात्र शनिवारी सकाळी, निवांत.