सेम वेट, ऑल क्रोनो वर्किंग

भाच्याने परवा फोन पुढे केला. "मामा, हे घेऊ का? सेव्हन ए आहे." व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरची जाहिरात होती. एका नामांकित स्विस कंपनीच्या क्रोनोग्राफ घड्याळाचा झकास फोटो आणि खाली मजकूर: '7A प्रीमियम, सेम वेट, ऑल क्रोनो वर्किंग, जपान मशीन, ओजी बॉक्स २५० एक्स्ट्रा, नो रिटर्न.' किंमत २,२०० रुपये.

तोच फोटो त्याच्याच फोनवर आणखी दोन ग्रुपांत सापडला. एकीकडे 'फर्स्ट कॉपी', १,४५०. दुसरीकडे 'सुपर कॉपी', २,६००.

फर्स्ट कॉपी म्हटलं की माझ्या पिढीला कार्बन पेपर आठवतो. पहिली प्रत ठसठशीत, चौथी पुसट. गिऱ्हाइकाची समजूतही साधारण तशीच असते, की अस्सल मालावरून निघालेली ही पहिली नक्कल. प्रत्यक्षात मूळ कंपनीचा या मालाशी काडीचा संबंध नसतो आणि प्रती मोजायला कोणी बसलेलं नसतं. हेल्मेटवरच्या आयएसआय शिक्क्यामागे निदान एक लिखित मानक असतं. सेव्हन ए, सुपर, मास्टर, मिरर यांच्यामागे फक्त विकणाऱ्याची जीभ असते. पूर्वी 'फर्स्ट' म्हणजे सगळ्यात वरचं. सगळेच फर्स्ट म्हणायला लागल्यावर 'सुपर' आलं.

मग हे शब्द लागतात कशाला? एक तर गिऱ्हाईक शोधताना हेच टाइप करतं. दुसरं, ग्रुपवर विकणाऱ्या बऱ्याच जणांनी माल हातात घेतलेलाच नसतो. वरच्याकडून आलेला फोटो आणि मजकूर पुढे ढकलायचा, मधे आपले दोनतीनशे चढवायचे. भाव चढवला तर शब्दही चढवावा लागतो. तिसरं कारण म्हणजे 'आम्ही ओरिजिनल म्हणून विकतच नाही' अशी ढाल. ती कागदाची आहे. १९९९च्या ट्रेडमार्क कायद्यात खोटा ट्रेडमार्क लावलेला माल विकणं हाच गुन्हा आहे. सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. गिऱ्हाइकाला आधी सांगितलं होतं, एवढ्यावर त्यातून सुटका होत नाही.

म्हणून विशेषणं सोडून द्यायची आणि उरलेले शब्द उलट्या बाजूने वाचायचे. 'ऑल क्रोनो वर्किंग' असं मुद्दाम लिहावं लागतं, कारण अशा मालात बहुतेकदा ते चालत नाही. क्रोनोग्राफ म्हणजे स्टॉपवॉच असलेलं घड्याळ. नेहमीच्या रचनेत मधला लांब सेकंद काटा एरवी बारावर गप्प उभा असतो. वरचं बटण दाबलं की धावतो, पुन्हा दाबलं की थांबतो, खालच्या बटणाने बारावर परततो. चालू सेकंद एका छोट्या तबकडीत फिरत असतात. स्वस्त नकलेत लांब काटा सदैव टिकटिकतो, बटणं दाबून काही होत नाही आणि छोट्या तबकड्या वार, तारीख किंवा चोवीस तास दाखवतात. कधी त्यांतले काटे चिकटवलेलेच असतात. म्हणजे 'वर्किंग'ही खोटं नाही म्हणायचं, काटे फिरतात खरे!

'जपान मशीन' बऱ्याचदा खरंही असू शकतं. जपानी कंपन्यांची बॅटरीवरची साधी मशीनं सुटी विकत मिळतात, स्वस्त असतात आणि वेळ चोख दाखवतात. मात्र त्यावरून केस, काच, मुलामा यांबद्दल काही कळत नाही. 'सेम वेट' तर आतल्या लोखंडी तुकड्यानेही साधतं. मागच्या झाकणावर कोरलेल्या '१०० मीटर'वर विसंबून हात धुवायलाही जाऊ नये. 'ओजी बॉक्स एक्स्ट्रा' याचा अर्थ खोकाही वेगळा छापून घेतलेला. या सगळ्या जाहिरातीत निःसंशय खरा शब्द एकच, 'नो रिटर्न'.

मी भाच्याला म्हटलं, "विचार, आजची तारीख लिहिलेल्या चिठ्ठीवर घड्याळ ठेवून वरचं बटण दाबतानाचा व्हिडिओ दे." खऱ्या मालाच्या फोटोवर नकली माल खपवणाऱ्याला हे नेमकं जड जातं, आणि ज्याच्याकडे मालच नाही त्याला तर अशक्य. याशिवाय दोन हजारांत आपल्याकडच्या कंपन्यांचं नवं घड्याळ बिल आणि वॉरंटीसकट कसं मिळतं, तेही त्याला दाखवलं. त्याने नाक मुरडलं. तबकडीवर ते नाव नव्हतं ना!

अर्ध्या तासाने उत्तर आलं. "भाऊ, माल गोडाउनला आहे. घ्यायचं असेल तर २०० टाका, नाहीतर टाइमपास नको."

भाच्याने पैसे टाकले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्याच माणसाच्या स्टेटसला तोच फोटो होता. किंमत २,४००. नाव आता 'सुपर मास्टर'.