पत्रिकेवरील ओळ हिनेमोआची आहे काय?

न्यू लिन येथे स्थायिक झालेल्या आपल्या बेटावरील एका कुटुंबात लग्न ठरले आहे. मुलगी आपली, मुलगा माओरी. पत्रिकेवर मराठी मजकुराशेजारी एक माओरी ओळही असावी म्हणून मुलीच्या मावशीने इंटरनेटवरून एक प्रेमवचन निवडले. त्याखाली छापले होते, 'प्राचीन माओरी काव्य : हिनेमोआ तुतानेकाईस म्हणते'. मराठी तपासून द्यावे म्हणून मसुदा आमच्याकडे आला. आम्ही आधी माओरी ओळीपाशीच थांबलो, कारण ती पत्रिका मुलाकडची वडील मंडळी वाचणार होती.

हिनेमोआ ही दंतकथेतील नायिका. प्रियकरासाठी ती रात्री रोटोरुआ सरोवर पोहून मोकोइया बेटावर गेली. परंतु ही ओळ 'पोकारेकारे आना' या प्रसिद्ध गीतातली आहे, आणि त्यात आर्जव चालले आहे ते 'हिने'चे, म्हणजे मुलीचे. मग ते शब्द हिनेमोआच्या तोंडी कसे बसणार? गीताच्या एका पाठात रोटोरुआचे नाव आहे, त्यावरून हा घोटाळा झाला असावा. दुसऱ्या पाठात तेथे पूर्व किनाऱ्यावरील वाइआपू येते.

खरी साक्ष मात्र शब्दांची. सबंध गीत मिळवून वाचले तर त्यात रेता, रींगी, पेने, पेपा असे शब्द भेटतात. पत्र, अंगठी, लेखणी, कागद. हे सारे इंग्रजीतून आलेले. माओरीत 'ल' नाही आणि शब्द स्वरावर संपतो, म्हणून 'लेटर'चे 'रेता' झाले. 'ते आका' या माओरी कोशात अशा शब्दांपुढे तशी नोंद असते. मिशनरी तेथे 1814 साली आले. पत्र आणि कागद त्यानंतरचे. उद्या कोणी 'काळजाची चावी' असलेली ओवी ज्ञानेश्वरांच्या नावावर दिली, तर आपण हसू. ज्ञानेश्वरी 1290 ची, आणि चावी हा शब्द पोर्तुगीजांचा, जे हिंदुस्थानात 1498 साली पोहोचले.

एवढ्याने गीत केव्हाच्या आधीचे नाही ते कळते. कवी कळत नाही. अनेकजण पाराइरे तोमोआना यांचे नाव घेतात. त्यांनी 1921 साली हे शब्द प्रसिद्ध केले खरे, पण गीत ऑकलंडच्या उत्तरेकडून आले आणि युद्धावर निघालेल्या माओरी सैनिकांनी ते लोकप्रिय केले, असे त्यांनी स्वतःच लिहिले. (1914 साली पहिल्या माओरी तुकडीचा तळ अव्हाँडेलच्या शर्यतीच्या मैदानावर होता, न्यू लिनच्या अगदी शेजारी!) कर्तृत्वावर दावे पुढेही अनेक झाले.

"गुरुजी, मग ओळ काढून टाकू का?" असे मावशींनी फोनवर विचारले. काढायची कशाला? ओळ माओरीच आहे. खाली 'माओरी प्रेमगीतातून' एवढेच लिहा, आणि दीर्घ स्वरांवरील आडव्या रेघा मुलाच्या आजीकडून तपासून घ्या, असे आम्ही कळविले आहे.