पुन्हा घेऊ की!

मराठी माणसाच्या तोंडून बाहेर पडणारं सर्वांत खर्चिक वाक्य कोणतं, असा प्रश्न मला कुणी विचारत नाही, कारण बँकेतल्या कारकुनाला लोक फक्त "साहेब, पासबुक भरून द्या" एवढंच विचारतात. पण कुणी विचारलंच तर उत्तर तयार आहे. ते वाक्य म्हणजे, "आत्ता बंद करू, पुढं लागलं तर पुन्हा घेऊ की!"

वीस वर्षं काउंटरमागे बसून मी हे वाक्य ऐकतो आहे. विमा बंद करताना, आवर्ती ठेव मोडताना, लॉकर सोडताना, सगळीकडे हेच. म्हणणाऱ्याचा चेहरा असा असतो, की जणू कंपनी, सरकार आणि यमराज हे तिघेही त्याची वाट बघत, जुन्याच भावात, दारात उभे राहणार आहेत. या मंडळींशी माझं वैर आहे. आणि त्यांचा मेरुमणी आमच्याच नात्यात असल्यामुळे ते वैर जरा घरगुती स्वरूपाचं आहे.

आमची धाकटी बहीण लोणी भापकरला दिली आहे. बारामती तालुका म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे ऊस डोलायला लागतो. पण लोणी भापकर तालुक्याच्या जिरायत अंगाला आहे. तिथे मल्लिकार्जुनाचं जुनं देखणं मंदिर आहे आणि त्याच्यापुढे बांधीव पुष्करणी आहे. पाण्याचा विषय निघाला की गावकरी पुष्करणी दाखवतात आणि पाऊस लांबला की आभाळ. अशा गावात आमचे दाजी शेती करतात.

२०१५ साली अटल पेन्शन योजना निघाली तेव्हा शाखेला खाती उघडायची होती, आणि कारकुनाला अशा वेळी नातेवाईक फार जवळचे वाटतात. दाजी तेव्हा तीस वर्षांचे होते. साठीनंतर महिना पाच हजार पेन्शन हवी असेल तर तिसाव्या वर्षी शिरणाऱ्याला महिना ५७७ रुपये. बहीण पंचवीस वर्षांची, तिला ३७६. या योजनेत गंमत अशी आहे की ज्या वयाला तुम्ही शिरता त्या वयाचा दर तुमच्या कपाळावर लिहिला जातो आणि साठीपर्यंत तोच राहतो. पस्तिशीला येणाऱ्याला ९०२, चाळिशीला येणाऱ्याला १४५४. चाळीस उलटली की खिडकी बंद.

आठ वर्षं हप्ते बिनबोभाट कापले गेले. मग २०२३ मध्ये दाजी शाखेत आले, टोपी काढून माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "पाव्हणं, ते पेन्शनचं बंद करा. बोअर मारायचाय."

"अहो दाजी, मोडू नका. पुन्हा मिळायचं नाही."

"न मिळायला काय झालं? दोन वर्सांनी पुना घेऊ की! सरकार कुठं पळून चाललंय?"

आता इथे आमच्या शाखेतले पंडित धावून आले. एकजण म्हणाला, "अहो, आत्ता ५७७ भरताय, दोन वर्षांनी १४५४ पडतील. अडीचपट!" हा 'अडीचपट' शब्द ऐकला की ग्राहक घाबरतो आणि पंडिताला बरं वाटतं. पण मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे, दुसऱ्या वर्गात का असेना. आणि मला सांगायला खेद होतो की हा पंडितही दाजींइतकाच चुकत होता.

कारण हा दर वाढतो तो शिक्षा म्हणून नव्हे. पेन्शन देण्यासाठी साठाव्या वर्षी तुमच्या नावावर साडेआठ लाखांच्या घरात रक्कम उभी राहायला हवी. तीस वर्षं ५७७ भरा नाहीतर वीस वर्षं १४५४ भरा. आठ टक्क्यांनी चक्रवाढ लावून पाहा, दोन्हींची बेरीज जवळजवळ तिथेच जाते. जास्त हप्ता म्हणजे तुमच्या पैशाला कमी वर्षं राबायला मिळतात त्याची भरपाई. मी हे एका रविवारी घरी बसून, सौभाग्यवतींच्या वाण्याच्या वहीच्या पाठीमागे मांडून पाहिलं आहे.

तेव्हा परत येणं महाग की स्वस्त, हे दोन हप्ते शेजारी शेजारी ठेवून कळतच नाही. मधे एक तिसरा आकडा आहे, तो म्हणजे बाहेर पडताना हातात पडणारी रक्कम. दाजींनी आठ वर्षांत भरले ५५ हजार ३९२. आठ टक्क्यांचा हिशेब धरला तर व्याजासकट साधारण ७७ हजार, त्यातून खातं सांभाळण्याचा किरकोळ खर्च वजा. आता समजा दाजींनी ते ७७ हजार बँकेत ठेवले, वाचलेले ५७७ रुपयेही दर महिन्याला बाजूला टाकले आणि चाळिसाव्या वर्षी पुन्हा योजनेत शिरले. दर महिन्याला फरकाचे ८७७ रुपये त्याच साठ्यातून काढायचे. आठ टक्के व्याज मिळत असेल तर साठा बरोबर साठीपर्यंत पुरतो. म्हणजे नुकसान जवळपास शून्य! सात टक्केच मिळाले तर तो छप्पन्न-सत्तावन्नच्या सुमारास आटतो आणि शेवटची तीनएक वर्षं सगळा हप्ता खिशातून. दुःखद आहे, पण 'अडीचपट' म्हणून छाती बडवण्याइतकं नाही.

हे मी दाजींना सांगितलं. दाजी खूश झाले. "मंग बरोबरच की!"

"बरोबर कधी? पैसे ठेवलेत तर. तुम्ही ते जमिनीत तीनशे फूट खाली घालणार. तिथे आठ टक्के कोण देतंय?"

दाजींनी आभाळाकडे बघितलं.

खरं सांगायचं तर बोअर हा काही पाप करण्याचा प्रकार नाही. पाणी लागलं तर ते आठ टक्क्यांपेक्षा कितीतरी जास्त देतं. आणि सावकाराचे शेकडा तीनने घेतलेले पैसे डोक्यावर असतील तर मी स्वतः म्हणेन की पेन्शन मोडा. ७७ हजारांवर महिना तेवीसशे रुपये व्याज जात असताना ५७७ चा जुना दर कुरवाळत बसणं म्हणजे घर जळत असताना तुळशीला पाणी घालणं. दर जुना आहे एवढ्यासाठी एखादी गोष्ट चालू ठेवणारे लोकही मी पाहिले आहेत. आमच्या शेजारचे काका एका मासिकाची वर्गणी केवळ "जुन्या दरात मिळते" म्हणून भरायचे आणि अंक न फोडता रद्दीत घालायचे. त्यांचा धर्मही मला मान्य नाही.

माझं भांडण निराळ्या गोष्टीशी होतं. दाजी दर किती वाढेल हे विचारत होते. दार उघडं राहील का, हे विचारत नव्हते. १ ऑक्टोबर २०२२ पासून आयकर भरणाऱ्याला, किंवा पूर्वी कधी भरलेल्याला, या योजनेत नव्याने घेत नाहीत. आधीपासून आत असलेला मात्र उद्या लखपती झाला, भरमसाट कर भरू लागला, तरी त्याला कुणी बाहेर काढत नाही. म्हणजे दाजींच्या हातात जुना दर होता तसा जुना पासही होता. दर व्याजाने भरून काढता येतो, पास येत नाही. शिवाय त्यांच्यासारख्या पहिल्या वर्षी आलेल्या, कर न भरणाऱ्या लोकांना सरकारने पाच वर्षं वर्षाला हजारापर्यंत स्वतःचा हिस्सा घातला होता. मुदतीआधी बाहेर पडलं की तो हिस्सा आणि त्यावरची वाढ सरकारकडेच राहते.

हे सगळं ऐकून दाजी इतके हसले की कॅशियरने नोटा मोजायच्या थांबवल्या. "मी? आन् इन्कम टॅक्स? पाव्हणं, लोणीत पाऊस पडत न्हाई, टॅक्स कुठनं पडतोय?"

मी शेवटचे दोन उपाय सांगून पाहिले. वर्षातून एकदा पेन्शनची रक्कम खाली आणता येते. पाच हजारांचं हजार करा, हप्ता हलका होईल, खातं जिवंत राहील. नाहीतर सरळ थकवा. थकलेल्या हप्त्यावर शंभराला महिना एक रुपया दंड, म्हणजे ५७७ ला सहा रुपये. अख्खं वर्ष एकही हप्ता न भरता शेवटी सगळे एकदम भरलेत तर दंड ४६८ रुपये. बँकेचा नोकर असून मी ग्राहकाला थकबाकीचा सल्ला देत होतो! हे वरच्या साहेबांना कळू नये.

पण दाजींना हप्त्याची अडचण नव्हतीच, त्यांना साठलेला पैसा हवा होता. ते बोलून चालून शेतकरी. थकबाकीत त्यांना काही नवीन वाटलं नाही. अर्ज भरला, सही केली, काही दिवसांनी पैसे बचत खात्यात आले आणि बोअरचं मशीन रानात आलं. पाणी लागलं. मला आनंद झाला, थोडासा नाइलाजाने. पाण्यावर चारा आला, चाऱ्यावर गाई आल्या, आणि गाईंच्या निमित्ताने दाजींनी रस्त्यावर पशुखाद्याचं दुकान टाकलं. दुकान इतकं चाललं की बारामतीच्या एका कर सल्लागाराने त्यांच्याकडून पहिल्याच वर्षी साडेसहा हजार रुपये आयकर भरून घेतला. दाजींनी त्या चलनाची फ्रेम करून गणपतीशेजारी लावली.

२०२५ च्या दिवाळीनंतर दाजी शाखेत आले. टोपी टेबलावर. "पाव्हणं, चाळीस झाली. १४५४ तर १४५४. आता आपल्याला काय जड न्हाई. ते पुना चालू करा."

मी अर्ज काढला आणि जाहीरनाम्याच्या ओळीवर बोट ठेवलं. दाजींनी चष्मा लावून वाचलं. एकदा वाचलं, दोनदा वाचलं.

"एकाच वर्षी भरलाय की."

"'कधीही भरला असल्यास' असं आहे."

"मंग लिवू का न्हाई म्हणून?"

"पॅन कार्ड आहे दाजी. पुढे सापडलं की खातं बंद करून पैसे परत. आणि ती फ्रेम तर गावानं बघितलीय."

दाजी बराच वेळ गप्प होते. बाहेर पडता पडता म्हणाले, "तुमच्या बहिणीचं चालू हाय न्हवं?"

"चालू आहे. ३७६."

"तिच्या माघारी मला मिळतंय का?"

"मिळतं. तेवढीच. पाच हजार."

हा संवाद त्यांनी घरी जाऊन मोठ्या उत्साहाने सांगितला असावा. कारण संध्याकाळी बहिणीचा फोन आला, "दादा, ह्यांनी आज माझ्या तब्येतीची चौकशी का केली रे?"